एकच बोली, दोन रकाने

गोव्यात १९९१ साली दर तीन माणसांमागे एकाची मातृभाषा मराठी होती. २०११ साली ते प्रमाण दर नऊ माणसांमागे एक इतकं खाली आलं. जनगणनेचे आकडे असं सांगतात: १९९१ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार, २००१ मध्ये ३ लाख ४ हजार आणि २०११ मध्ये १ लाख ५९ हजार. वीस वर्षांत सव्वादोन लाखांहून जास्त मराठी माणसं कागदावरून नाहीशी झाली. याच काळात गोव्याची एकूण लोकसंख्या जवळपास तीन लाखांनी वाढली. पेडण्यातून, डिचोलीतून, सत्तरीतून कुणी मोठ्या संख्येने घरदार सोडून गेल्याची नोंद नाही. तिथली भजनी मंडळं, दशावतार, मराठी वर्तमानपत्रं आपापल्या जागी आहेत.

हा आकडा आला की दोन्हीकडून ठरलेली विधानं होतात. गोव्यात मराठी संपत चालली, ती राजभाषेच्या कायद्यात हवी कशाला, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की मोजणीच खोटी आहे, मराठीवर अन्याय झाला. मला दोन्ही म्हणणी चुकीची वाटतात. जनगणनेतला मातृभाषेचा आकडा आणि राजभाषेचा कायदा ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. त्यांतलं एक दुसऱ्याचा पुरावा म्हणून वापरण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि या सवयीचा सर्वांत मोठा फटका कोकणातल्या बोलींना बसतो.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. प्रगणक घरी येतो. बहुतेक वेळा तो शाळेतला शिक्षक किंवा शिक्षिका असते. प्रत्येक माणसासाठी त्याला मातृभाषा लिहायची असते, आणि त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या माणसाशी जी भाषा बोलली ती. आई लहानपणीच गेली असेल, तर लहानपणी घरात मुख्यतः जी बोलली जात होती ती. म्हणजे एकाच घरात सासूची एक, सुनेची दुसरी असू शकते, आणि नातवाची नोंद त्याच्या आईच्या बोलीप्रमाणे व्हायला हवी. प्रगणकाच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. सांगितलेली भाषा दुसऱ्या एखाद्या भाषेची बोली आहे का, हे त्याने ठरवायचं नाही. धर्मावरून भाषा गृहीत धरायची नाही. उत्तर देणाऱ्याशी वाद घालायचा नाही. एखाद्या भागात संघटित मोहिमेमुळे लोक खरी मातृभाषा सांगत नाहीत असा संशय आला, तरी सांगितलेलंच लिहायचं आणि वरिष्ठांना वेगळं कळवायचं.

या सूचना चांगल्या आहेत. पण सावंतवाडी किंवा कुडाळकडच्या एखाद्या ओसरीवर काय घडतं ते कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मास्तर विचारतात, मातृभाषा काय लिहू? आजी म्हणते, "आमची भास मालवणीच ओ मास्तरानू, पण कागदार मराठी लिवा. पोरां शाळेत मराठीच शिकतत." किंवा घरातला कर्ता पुरुषच सगळ्यांचं मिळून सांगून टाकतो आणि पुढच्या पाच-सहा ओळींत तेच नाव खाली खाली उतरतं. पेडण्याहून आलेल्या सुनेला कुणी वेगळं विचारत नाही. मास्तरांनी नियम मोडला असं म्हणता येणार नाही, कारण त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी लिहिलं. आजीही खोटं बोललेली नाही. कागद सरकारचा, सरकारची भाषा मराठी, म्हणून कागदावर मराठी, असा तिचा सरळ हिशोब आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. आजीचं अख्खं आयुष्य त्याच्या सावलीत गेलं. मातृभाषेच्या रकान्यात राजभाषेचं नाव शिरतं ते इथे, या ओसरीवर.

पुढचा टप्पा कार्यालयातला, आणि त्याची माहिती फार कमी लोकांना असते. २०११ मध्ये देशभरातून मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं आली. त्यांत एकाच भाषेची वेगवेगळी लेखनं होती, जातींची नावं होती, गावांची नावं होती. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा ठरवल्या गेल्या. त्यांतल्या देशभरात दहा हजार किंवा त्याहून जास्त बोलणारे असलेल्या २७० तेवढ्या तक्त्यात नावानिशी छापल्या गेल्या, आणि त्या २७० नावांचे गट करून १२१ 'भाषा' तयार झाल्या. दहा हजारांखालच्या बोली 'इतर' या शब्दाखाली जातात. १९६१ साली मात्र लहानसहान नावांसह १,६५२ मातृभाषांची यादी प्रसिद्ध झाली होती. दहा हजारांची चाळण त्यानंतर, १९७१ पासून आली. संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी अशा नावांना या चाळणीतून वर राहणं कठीण आहे.

मालवणी या चाळणीतून वर राहते, तिचं नाव छापलं जातं, पण ते कोकणी या भाषेखाली. कोळी मात्र मराठीखाली आहे. ठाणे-पालघरची वारली तर भिलीच्या गटात टाकलेली आहे. आता सिंधुदुर्गातल्या एकाच वाडीतली शेजारची दोन घरं घ्या. दोन्ही घरांत "माका", "तुका", "खंय" असंच बोलणं चालतं. पहिल्या घराने रकान्यात 'मराठी' सांगितलं, दुसऱ्याने 'मालवणी'. दिल्लीच्या तक्त्यात पहिलं घर ८ कोटी ३० लाख मराठी भाषकांत जमा झालं आणि दुसरं घर साडेबावीस लाख कोकणी भाषकांत. बोली एकच असूनही दोन घरं दोन वेगळ्या भाषांच्या लोकसंख्येत मोजली गेली, आणि दोन्ही घरांना त्याचा पत्ता नाही.

पत्रादेवीचा नाका ओलांडून पेडण्यात गेलं तरी बोलणं फारसं बदलत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणं सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होतं. देवळं, सोयरिकी, जत्रा आजही सरहद्दीच्या आरपार आहेत. पण नाक्याच्या अलीकडे, बांद्यात, जी माणसं 'मराठी' सांगतात, त्यांचेच नातेवाईक पलीकडे वाढत्या प्रमाणात 'कोकणी' सांगू लागले आहेत. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात, १९०५ च्या मराठीविषयक खंडात, कोकणी ही मराठीची बोली म्हणून घेतली होती. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र भाषा मानलं, गोव्याने १९८७ साली राजभाषा केलं आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. या प्रत्येक निर्णयाला त्याची कारणं होती आणि कोकणीचा स्वतंत्र भाषेचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. मात्र यांतल्या कुठल्याही निर्णयाने पेडण्यातल्या आईने मुलाशी बोलायची पद्धत बदलली नाही. बदललं ते त्या बोलण्याला द्यायचं नाव.

हे केवळ अनुमान नाही, आकड्यांतून ते पडताळून पाहता येतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत गोव्याची लोकसंख्या सुमारे ८.२ टक्क्यांनी वाढली. कोकणी सांगणारे ७ लाख ७० हजारांवरून ९ लाख ६४ हजारांवर गेले, म्हणजे वाढ २५ टक्के. ते राज्याच्याच वेगाने वाढले असते, तर भर पडली असती सुमारे ६३ हजारांची. प्रत्यक्षात पडली १ लाख ९४ हजारांची. म्हणजे सुमारे १ लाख ३१ हजार माणसं 'जादा' आहेत. आता मराठीकडे पाहा. २००१ चे ३ लाख ४ हजार मराठी भाषक त्याच वेगाने वाढले असते तर ३ लाख २९ हजार झाले असते. भरले १ लाख ५९ हजार. तूट १ लाख ७० हजारांची. एका रकान्यातली जादा वाढ आणि शेजारच्या रकान्यातली तूट इतकी जवळ आली, की हे जन्ममृत्यूचं किंवा स्थलांतराचं काम नाही असं ओळखावं. इतक्या छोट्या राज्यात दहा वर्षांत एका भाषेची माणसं निम्मी होतात आणि कुठल्याही गावातली घरं ओस पडत नाहीत, हे दुसऱ्या कुठल्या प्रकारे घडत नाही. उरलेल्या चाळीसेक हजारांना इतर कारणं असतील, आणि नाव बदललेला प्रत्येक माणूस या हिशोबातून दाखवता येत नाही. पण मोठा ओघ कुठून कुठे गेला ते पुरेसं दिसतं.

असाच प्रकार उलट दिशेनेही झालेला आहे आणि मराठी वाचकांनी तोही पाहायला हवा. महाराष्ट्रात २००१ साली साडेसहा लाखांहून जास्त लोकांची मातृभाषा कोकणी नोंदली गेली होती. २०११ साली ती संख्या चार लाखांवर आली. गोव्यात दोन लाखांनी वाढूनही देशातली कोकणी भाषकांची बेरीज २४ लाख ८९ हजारांवरून २२ लाख ५७ हजारांवर उतरली, त्यात महाराष्ट्रातल्या या घसरणीचा मोठा वाटा आहे. राजभाषा कोकणी असलेल्या राज्यात कोकणीचा रकाना फुगतो, राजभाषा मराठी असलेल्या राज्यात तोच आटतो. शिवाय 'कोकणी' म्हणून लिहून आलेल्या उत्तरात कारवारी माणूस असू शकतो, रत्नागिरीचा कोकणी मुसलमान असू शकतो आणि पालघर-नाशिककडचा कोकणा आदिवासीही असू शकतो. तिघांच्या बोली एक नाहीत. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या अनेक मुसलमान घरांत बोलली जाते कोकणी बोली आणि रकान्यात सांगितली जाते उर्दू. तिथे शाळेची आणि धर्मग्रंथांच्या वाचनाची भाषा नाव ठरवते.

गोव्याच्या वादाकडे परत येतो. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी ही राजभाषा ठरवली आणि मराठीचा वापरही शासकीय कामांसाठी करता येईल अशी तरतूद केली. ही तरतूद मातृभाषेच्या टक्केवारीवर उभी नव्हती. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसं घरात एक बोलत आली आणि वाचन, लेखन, कीर्तन, हिशोब दुसऱ्या भाषेत करत आली, ही वस्तुस्थिती त्या कायद्याने मान्य केली. मातृभाषेच्या रकान्याला हे दिसतच नाही. माणूस कुठल्या भाषेत वर्तमानपत्र वाचतो, तो अर्ज कुठल्या भाषेत लिहितो, हे जनगणना विचारत नाही. लिपीही विचारत नाही, त्यामुळे रोमी लिपीत कोकणी लिहिणारे किती हेही त्या आकड्यात नसतं, आणि कायद्याने तर 'कोकणी'चा अर्थ देवनागरीपुरताच धरला आहे. त्यातल्या त्यात जवळची माहिती 'अवगत इतर भाषा' या प्रश्नातून येते. ती सी-१७ क्रमांकाच्या तक्त्यात असते, तर मातृभाषेची सी-१६ मध्ये. बातम्या सी-१६ वर लिहिल्या जातात, सी-१७ कुणी उघडत नाही. कोकणी भाषकांत दुसरी भाषा जाणणाऱ्यांचं प्रमाण देशात फार वरचं आहे. अशा समाजात एकाच नावाची टक्केवारी सांगून थांबणं म्हणजे अर्धी माहिती पूर्ण म्हणून देणं.

म्हणून २०११ चा १०.८९ टक्के हा आकडा दाखवून मराठीची कायद्यातली जागा काढून घ्या म्हणणारे चुकतात. आणि हा आकडाच बनावट आहे म्हणणारे मराठीप्रेमीही चुकतात. गोव्यातल्या माणसाने आपल्या आईच्या बोलीला कोकणी म्हटलं, हा त्याचा अधिकार आहे. प्रगणकाने ते तसंच लिहिलं, हे त्याचं काम होतं. गोव्यात मराठीचा आधार मातृभाषेच्या संख्येत शोधायचा हट्ट आपण धरला, तर दर दहा वर्षांनी आपणच तो कमकुवत करत जाऊ.

इथवर हा तक्त्यांचा आणि बातम्यांचा विषय वाटेल. पण नोंदीतून माणसांच्या आयुष्यावर परिणाम होतात. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत एखाद्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्या भाषेचे लोक १५ टक्क्यांवर आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत देण्याची अपेक्षा आहे. प्राथमिक शाळेत वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं एका अल्पसंख्य भाषेची असतील, तर त्या भाषेत शिकवण्याची सोय करावी हा निकष १९४९ पासूनचा आहे. हे सगळे उंबरठे नोंदलेल्या नावावर चालतात. राज्याच्या सरासरीत १५ च्या खाली गेलेली भाषा एखाद्या तालुक्यात कितीतरी वर असू शकते. त्यामुळे तालुक्याचा आकडा न पाहता राज्याचा सांगणं हीसुद्धा चुकीची माहितीच ठरते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सिंधुदुर्गातल्या पहिलीच्या वर्गाची. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाख होती. देशभरातून मालवणी म्हणून नोंदले गेलेले लोक मात्र काही दहा हजारांतच आहेत. म्हणजे कागदोपत्री हा जिल्हा जवळजवळ पूर्णपणे 'मराठी मातृभाषेचा' आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. इथे ते आपोआपच पाळलं जातंय असं नोंदीवरून दिसतं, कारण मूल मराठी, शाळाही मराठी. प्रत्यक्षात "माका गावला नाय" म्हणणारं मूल "मला सापडलं नाही" हे पुस्तकातलं वाक्य शाळेत शिकतं, आणि त्याची वाक्यं लाल शाईने दुरुस्त होतात. आदिवासी बोलींसाठी निदान पूरक पुस्तिका तयार झाल्या. मालवणीसाठी तशी गरज आहे हे कुणी सरकारी कागदावरून दाखवूच शकत नाही, कारण त्या कागदावर मालवणी मूलच नाही.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे: मालवणी, संगमेश्वरी, अहिराणी असं वेगळं लिहू लागलो तर मराठी कमी होईल. समजा, सिंधुदुर्गातल्या एकूण एक माणसाने मालवणी लिहिलं. तरी मराठीच्या ८ कोटी ३० लाखांतून एक टक्क्याएवढीच घट होईल. दुसरं असं, की हिंदीच्या ५२ कोटी ८३ लाखांत भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी अशा कितीतरी भाषा मिसळल्या आहेत, स्वतःची मातृभाषा 'हिंदी' सांगणारे त्यात ३२ कोटीच आहेत, हा मुद्दा आपण मराठी माणसं हक्काने मांडतो. तो मुद्दा खरा आहे. पण तोच न्याय स्वतःच्या बोलींना लावताना आपण कचरतो, हे मला पटत नाही. कोकणी अभ्यासकांनीही हा न्याय स्वतःला लावावा. मालवणी नोंदवणाऱ्याला न विचारता त्याला कोकणीच्या बेरजेत धरणं आणि सिंधुदुर्गाला सरसकट मराठी म्हणणं, दोन्हींत मालवणी माणसाचं उत्तर तिसराच कुणी देतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राज्यकारभाराला एक स्थिर लेखनभाषा लागते. मालवणीत सात-बारा निघणार नाही, निघावा असंही कुणी म्हणत नाही. हे मला मान्य आहे, किंबहुना माझं म्हणणं तेच आहे. राजभाषा हा कारभाराचा निर्णय आहे. तो परंपरा, लिखित साहित्य, शाळा, न्यायालय, माणसांची सोय पाहून घ्यावा आणि दर जनगणनेला हलवू नये. एकदा राजभाषेला मातृभाषेच्या आकड्याची भीती उरली नाही, की आजीला मास्तरांसमोर निःशंकपणे 'मालवणी' म्हणता येईल.

जनगणना आता २०२७ साली होणार आहे, १ मार्च ही तिची संदर्भ तारीख. माहिती मोबाइलवरून भरली जाणार आहे आणि लोकांना स्वतःही ती भरता येईल. इथे एक धोका आहे. कागदावर प्रगणक जे ऐकलं ते नाव अक्षरांत लिहीत असे. पडद्यावर तयार यादी आली तर यादीत जे वर दिसेल ते निवडलं जाईल, आणि कार्यालयात होणारी छाननी आधीच, ओसरीवरच उरकली जाईल. त्यामुळे मातृभाषेच्या जागी माणसाने सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहिण्याची सोय असली पाहिजे, आणि यादी असलीच तर तिच्यात मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी, आगरी ही नावं असली पाहिजेत. कोकणातल्या शिक्षक संघटनांनी प्रगणकांच्या प्रशिक्षणातच हे विचारावं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं विचारण्याचा नियम तिथे पुन्हा वाचून दाखवावा.

निकाल येतील तेव्हाही काही करण्यासारखं आहे. २०११ चे भाषेचे तक्ते २०१८ साली बाहेर आले, तोवर वाद जुन्या आकड्यांवर चालू राहिले होते. या वेळी गटाचा आकडा आणि गटाआतली नावं एकत्र छापली जावीत, तालुकानिहाय तक्ता त्याच दिवशी मिळावा, आणि दहा हजारांखालची नावं 'इतर' मध्ये टाकण्याऐवजी निदान जिल्हा पातळीवर उघड करावीत. वर्तमानपत्रांनी 'गोव्यात मराठी इतके टक्के' असं न लिहिता 'मातृभाषा मराठी सांगणारे इतके टक्के' असं लिहावं, आणि शेजारी मराठी जाणणाऱ्यांचा आकडा द्यावा. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला आणि पेडणे, डिचोली, सत्तरी या सरहद्दीवरच्या सहा तालुक्यांचे तक्ते समोरासमोर ठेवून वाचले, तर कुठे बोली बदलते आणि कुठे फक्त सरकार बदलतं हे कुणालाही स्वतः तपासता येईल.